रंजनाताईंची दोनशे ग्रॅमची सही

आमच्या नंदुरबारच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये रंजनाताई गावितांच्या वजनखोलीत शिरायचं तर आधी चप्पल बाहेर, मग तोंड बंद. श्वासानंही काटा हलतो म्हणतात. मी, दानियल, शेजारी विजेचे मीटर आणि थर्मामीटर तपासतो. पण चौदा वर्षांत त्या खोलीत मोठ्यानं शिंकायची माझी छाती झालेली नाही.

ताई नवापूरकडच्या डोंगरातल्या. आई मोगराबाई बाजारात मोहाची फुलं विकायच्या आणि व्यापारी दगडांनी मोजून घ्यायचा. म्हणूनच असेल, ताईंना वजनातला खोटेपणा जन्मजात सहन होत नाही. एखादं वजन नापास झालं की गिऱ्हाईक कितीही बडं असो, कागदावर 'नापास' येतंच.

आमचे मालक अरिहंत माणूस चांगला, पण ऐकीव ज्ञानावर उड्या मारणारा. यंदा आमची मूळ वजनांची पेटी, जिच्याशी गिऱ्हाईकांची वजनं ताडतो ती, पुण्याच्या वरच्या लॅबकडे तपासणीला पाठवायची वेळ आली, तेव्हा ते कुठलंसं व्याख्यान ऐकून आले. पॅरिसच्या तिजोरीतला धातूचा ठोकळा म्हणजे किलो, हे २०१९ पासून संपलं; आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका ठरलेल्या आकड्यावरून ठरतो, आणि तो कधीच बदलत नाही.

"ताई, किलो आते बदलस नही ना? मंग पेटी कसाले धाडानी?" पाठवायचीच कशाला, असं अरिहंतांचं म्हणणं.

ताई म्हणाल्या, "किलो बदलस नही, भाऊ. आपली पेटी बदली शकस."

मग त्यांनी समजावून सांगितलं. व्याख्या बदलताना किलो होता तेवढाच राहील याची काळजी घेतली होती. ठोकळ्यात आता मायक्रोग्रॅमांची शंका धरतात, ती दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं सांभाळायची. आपल्या मिलिग्रॅमच्या कामात ती दिसतही नाही. पण दिल्लीपासून आपल्यापर्यंत वजनाला वजन लावत येणारी साखळी तशीच आहे, आणि आपली कडी आपल्यालाच तपासून घ्यायची आहे. माझ्या टेबलावरही तेच झालं होतं: त्याच बदलात व्होल्ट कोटीत एका भागाएवढा सरकला, माझ्या मीटरला पत्ताही लागला नाही, आणि मीटर दरसाल तपासायला जातोच. थर्मामीटरचं तर काहीच हललं नाही.

अरिहंत म्हणाले, यंदा राहू द्या. गिऱ्हाईकांची कामं खोळंबतील.

ताई आपल्या कामाला लागल्या. हे मला विचित्र वाटलं, कारण वाद अर्धा सोडणं त्यांच्या रक्तात नाही. संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून दर महिन्याच्या पडताळणीचा तक्ता दाखवला. मूळ दोनशे ग्रॅमच्या वजनाचा ठिपका जूनपासून वर सरकलेला. त्याच पेटीतली लहान वजनं जोडून दोनशे केली आणि त्यांच्याशी ताडलं, तरी हे वजन तेवढंच जड. म्हणजे दोष त्या एका वजनाचाच.

"मायनी धरं व्हतं," त्या म्हणाल्या.

वीस मेला, मापनाच्या दिवशी, मोगराबाई लॅब बघायला आल्या होत्या. खरं वजन कसं असतं, त्यांनी विचारलं. ताईंनी, ज्या मला चिमट्याशिवाय पेटीजवळ उभं करत नाहीत, ते वजन उचलून आईच्या उघड्या तळहातावर ठेवलं. मऊ कापडानं पुसलं आणि पेटी बंद केली; पण तळहाताचं तेल तेवढ्यानं निघत नाही. मला त्यांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली.

पेटी पाठवली नाही, तर हे कधीच उघडकीला येणार नव्हतं. मालकानं आयती वाट करून दिली होती. पाठवली, तर दाखल्यांवरच्या ताईंच्या चौदा वर्षांच्या सहीवर डाग.

दुसऱ्या दिवशी ताईंनी अरिहंतांसमोर आपली चूक कबूल करणारा अर्ज ठेवला. त्यात लिहिलं होतं: वजन उघड्या हातात दिलं, देणारी मी. आणि वर म्हणाल्या, "पेटी जाई येस नही तवलोंग मी सही करनार नही, भाऊ." पेटी तपासून परत येईपर्यंत एकही दाखला निघणार नव्हता.

अरिहंतांनी अर्ज दोनदा वाचला आणि स्वतःच पेटी गाडीत ठेवली.

पुण्याहून आकडा आला: दोनशे ग्रॅमचं वजन दोन दशांश मिलिग्रॅमनं जास्त भरलं होतं. ताईंनी जूननंतरचे अकरा दाखले काढले. नव्या आकड्यानं पुन्हा हिशेब केल्यावर नऊ टिकले, दोन नापास झाले. त्या दोन गिऱ्हाईकांना त्यांनी स्वतः फोन केला आणि दाखले परत मागवले. एकानं भरपूर सुनावलं. दुसऱ्यानं पुढच्या आठवड्यात आणखी पाच वजनं पाठवली.

रविवारी ताईंनी हे सगळं आईला सांगितलं. मोगराबाई मनापासून हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षं त्या दगडांनी माझी फुलं मोजली, त्या म्हणाल्या, ते दगड कोणी एकदाही तपासायला नेले नाहीत; आणि इथे मी एकदा हात लावला, तर पार पुण्याला कळलं.