अडतीस पूर्णांक एक

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या मॅनेजरने पट्टीबाईंच्या टेबलावर पाकिटांचा गठ्ठा आपटला आणि वर एक टाइप केलेला कागद ठेवला. गठ्ठ्यात पोस्टाने परत पाठवलेली सत्तावन्न पाकिटं होती. प्रत्येकावर "अपुरा पत्ता" असा जांभळा शिक्का. कागदावर लिहिलं होतं, की रुग्णांच्या यादीत गावं आणि पिनकोड भरलेले नसल्यामुळे ही पत्रं परत आली, आणि यादी सांभाळणारी लिपिका म्हणून ही चूक माझी आहे. खाली सहीसाठी जागा सोडली होती.

"बुधवारी दुपारपर्यंत सही करून द्या," मॅनेजर म्हणाला. "तुमच्या मुदतवाढीचा कागदही त्याच दिवशी समितीपुढे जाणार आहे. दोन्ही बरोबरच ठेवतो."

म्हणजे काय ते पट्टीबाईंना कळलं. त्यांचं निवृत्तीचं वय होऊन दोन वर्षं झाली होती, दरवर्षी वर्षभराची मुदत वाढत होती. सही केली की नोकरी गेली. पण नोकरीचं एक वेळ राहू द्या. यादी त्यांची होती! एकोणीस वर्षं एकेक रुग्ण समोर बसवून, "गाव सांगा, तालुका सांगा, पिन नसेल माहीत तर घरी विचारून फोन करा" असं करत जमवलेले चारशे वीस पत्ते. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस वर्षाने तपासणीला यावा म्हणून ती यादी. आणि कालचा आलेला हा माणूस लिहितो, की त्यात गावंच नाहीत.

"साहेब, यादी उघडून बघा की. प्रत्येकाचा पिन आहे."

"आता आहे हो," मॅनेजर हसला. "पाकिटं शनिवारीच आली. शनिवारी तुम्ही कॉम्प्युटरवर होतात. भरायला कितीसा वेळ लागतो?"

पट्टीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग आला की त्या ओरडत नसत, टेबल आवरत. पंच कडेला समांतर, शाई उजवीकडे, आणि मधोमध ती स्टीलची पट्टी, जिच्यावरून त्यांना हे नाव पडलं होतं. त्या दिवशी टेबल तीन वेळा आवरलं गेलं. बाजूच्या चष्म्याच्या खिडकीतला माणूस त्यांच्याकडे चहा मागायला आला होता, तो न मागताच परत गेला.

खरं तर ही पत्रं त्यांनी पाठवलीच नव्हती. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या दहा दिवस रजेवर होत्या. तेवढ्यात मॅनेजरला कामाचा उत्साह चढला. पट्टीबाईंनी बनवलेली लेबलांची फाइल त्याने "जुनी" म्हणून पुसून टाकली आणि नवी स्वतः बनवली. छापलेली लेबलं दोन शिकाऊ नर्सना चिकटवायला दिली. त्या बिचाऱ्यांनी गप्पा मारत चारशे वीस चिकटवली आणि दिलं पोस्टात टाकून. आता नाचता येईना अंगण वाकडं, तसं यादीच वाईट ठरली. आणि तपासणी शुक्रवारी. मंगळवारी पत्रं पुन्हा गेली नाहीत तर सत्तावन्न म्हातारी माणसं घरीच बसणार, काचबिंदू वाढतोय की थांबलाय हे न कळता. मॅनेजरला त्याचं काही नव्हतं. त्याला सही हवी होती.

संध्याकाळी पट्टीबाई घरी आल्या त्या चपला दोन दिशांना उडवत. त्यांचे यजमान शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान, आणि चाळीस वर्षांच्या संसारात ते एक गोष्ट नीट शिकले होते, की बायको अशी आली की आधी मशीन थांबवायचं.

"काय झालं?"

"झालं काय, चोराच्या उलट्या बोंबा!" म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मॅनेजरचं खानदान, त्याचा सेंट, त्याचं "कितीसा वेळ लागतो" हे हसणं, काहीच सोडलं नाही. शिंपीबुवा ऐकत होते आणि हाताने कॉलरचा खाका कापत होते. लेबलं काढून झाली की मागे जो गुळगुळीत कागद उरतो, तो त्यांना खाक्यांसाठी फार आवडे. फाटत नाही, कापडावर सरकतो. म्हणून दवाखान्यातले असले कागद फेकायचे नाहीत, पट्टीबाईंच्या खणात ठेवायचे, अशी सगळ्यांना सवयच होती. नर्सनीही तेच केलं होतं. शनिवारी पट्टीबाईंनी तो गठ्ठा न बघता पिशवीत घालून आणला होता.

"तो कागद बघू," पट्टीबाई एकदम म्हणाल्या.

"अगं, कापतोय मी."

"कापू नका! द्या इकडे!"

खाक्याच्या काठावर, जिथे लेबल नसतंच अशा खालच्या कोऱ्या पट्टीवर, एका गावाचं नाव आणि सहा आकडे छापलेले होते. त्यांनी कापलेला दुसरा तुकडा शोधून जोडला. तीन गावं, तीन पिन. गठ्ठ्यातला पुढचा कागद काढला. तिथेही तीन. मग तिसरा, चौथा. वीस कागद, साठ गावं, सगळी तळाशी, रद्दीवर.

यजमान काही विचारणार तोवर त्या पट्टी घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. एका कागदावर लेबलांच्या सात रांगा, प्रत्येक रांगेत तीन. लेबलाची उंची अडतीस पूर्णांक एक मिलिमीटर, रांगांमध्ये उभी फट नाही, म्हणून एका रांगेच्या डोक्यापासून पुढच्या रांगेच्या डोक्यापर्यंतही तेवढंच अंतर. हे लेबलांच्या पुड्यावर छापलेलं असतं, त्यांच्या फाइलमध्येही तेच होतं. पण या कागदावर तीन गावं तळाला का उतरली? त्यांनी बोटावर हिशेब केला. मजकूर तेवढा खाली यायला प्रत्येक रांगेत जवळजवळ एक मिलिमीटर जास्त हवा. म्हणजे त्या शहाण्याने एकोणचाळीस टाकले होते.

"नऊ दशांश मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "एवढंच चुकलाय मेला."

"एवढंच?" यजमानांनी कात्री खाली ठेवली. "घागऱ्याच्या एका चुणीला सूतभर चुकलं की कमरेला वीतभर होतं. मी शिकाऊ असताना एका नवरीचा घागरा वाया घालवलाय. मार खाल्लाय त्यासाठी."

"यानेही खावा असं मला वाटतंय," पट्टीबाई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

मंगळवारी दवाखाना उघडायच्या आधीच त्या कॉम्प्युटरवर बसल्या. वर्ड प्रोसेसरमध्ये नवीन लेबल उघडून पुड्यावरचे आकडे एकेक करून भरले. वरचा समास पंधरा पूर्णांक एक, डावीकडचा सात पूर्णांक दोन. लेबलाची रुंदी साडेत्रेसष्ट, उंची अडतीस पूर्णांक एक. आडवं अंतर सहासष्ट, कारण ते एका लेबलाच्या डाव्या कडेपासून पुढच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजतात आणि मधली अडीच मिलिमीटरची फटही त्यात येते. उभं अंतर अडतीस पूर्णांक एक. आडवी तीन, उभी सात, कागद ए-फोर. छापताना "पानात बसवा" नाही, मूळ आकार, शंभर टक्के. पहिलं पान साध्या कागदावर काढलं, लेबलांच्या पानावर ठेवून खिडकीशी धरलं. सातही रांगा चौकटीत. मग त्यांनी ते दोन्ही कागद, घरचे वीस कागद आणि मॅनेजरने सहीसाठी दिलेला कागद घेतले आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मॅनेजर तिथेच होता.

"यादीत गावं नव्हती म्हणता ना?" त्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "ही घ्या गावं. तुम्ही रद्दीवर छापलीत."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा चढवून कागद उलटसुलट बघितले. मग परत आलेली पाकिटं मागवली. प्रत्येकावरच्या लेबलात चार ओळी होत्या, पाचवी नव्हती. आणि लेबलांच्या वरच्या काठाला कुठे कुठे दुसऱ्याच कुणाच्या पिनची अर्धी शेपटं आलेली होती, सहाव्या रांगेतून घसरलेली.

"पण साठ होती ना सातव्या रांगेत? परत सत्तावन्नच आली," डॉक्टर म्हणाले.

"तिघांचे पोस्टमन ओळखीचे असतील, साहेब. त्यांची कृपा."

मॅनेजरचा चेहरा उतरला होता, पण जीभ नाही. "मी छापून बघितलं होतं. पहिली रांग अगदी बरोबर होती. अडतीस आणि वर थोडं येत होतं माझ्या पट्टीवर, म्हटलं अर्धवट आकडा कशाला, पूर्ण एकोणचाळीस धरू."

"पहिली रांग सगळ्यांचीच बरोबर येते," पट्टीबाई म्हणाल्या. आता मात्र त्यांचा आवाज चढला. "पुड्यावर आकडा छापलाय. वाचायचा होता! मला फोन करायचा होता! माझी फाइल पुसायची काय गरज होती? आणि चुकलात तर चुकलात, माणूस चुकतो. पण कागद माझ्या नावाचा करून आणलात. एकोणीस वर्षांचं माझं काम तुम्ही एका सहीत फुकट घालवायला निघाला होतात!"

मग मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "ठीक आहे, बाई. आपण असं करू, दोन्हीकडून थोडं थोडं झालं असं लिहू. मी मजकूर बदलतो, तुम्ही सही करा, विषय मिटवू."

"आधी पत्रं," पट्टीबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दोन तासांत सत्तावन्न नवी लेबलं निघाली. दोन पानं पूर्ण, तिसऱ्यावर पंधरा. दोघी नर्स येऊन चिकटवायला बसल्या, या वेळी गप्पा न मारता. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या दोन रांगा रिकाम्या राहत होत्या. पट्टीबाईंनी अगदी शेवटच्या चौकटीत, सातव्या रांगेच्या उजव्या कोपऱ्यात, आणखी एक पत्ता छापला होता. पाकिटं पोस्टात गेल्यावर ते लेबल त्यांनी नखाने अलगद सोडवलं, बोटावर घेतलं आणि डॉक्टरांच्या खोलीत परत आल्या.

मॅनेजर अजून तिथेच बसला होता आणि त्याने टाइप केलेला कागद टेबलावर तसाच होता. "ही चूक माझी आहे" याच्या खालच्या जागेत त्यांनी ते लेबल ठेवलं, पट्टीने कडा जुळवल्या आणि अंगठ्याने दाबलं. व्यवस्थापक, खोली क्रमांक दोन, दवाखान्याचं नाव, रस्ता, गाव आणि पिन. पाचही ओळी चौकटीत होत्या.

"सही नको," त्या म्हणाल्या. "पत्ता पुरेसा आहे."

मॅनेजरने घाईघाईने लेबलाचा कोपरा नखाने उचलला. चांगल्या डिंकाचं लेबल होतं ते. निघालं, पण खालचा कागद घेऊनच निघालं.