पडद्यावर चालू, घरात बंद

आमच्या वीज कार्यालयात तिला सगळे रीडिंगताई म्हणतात. एकोणीस वर्षं तिनं दारोदार फिरून मीटरचे आकडे टिपले. कुठल्या घरचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, हे तिला पाठ होतं. मग प्रीपेड स्मार्ट मीटर आले. आकडे आपोआप ऑफिसात यायला लागले आणि फिरणाऱ्यांचं काम संपलं. बाकीचे चौघे दुसरीकडे गेले. ही पंचेचाळिसाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन ट्रेनिंगला बसली आणि तक्रार विभागात मीटर तपासायला लागली. मी त्याच विभागात कॉम्प्युटरसमोर बसतो. तिची-माझी ओळख मुख्यतः फोनवरच्या भांडणांची.

शिंपीकाकांची गोष्ट घडली त्या दिवशी मीही त्यात होतो, आणि माझी बाजू फार शोभेची नाही.

शिंपीकाकांनी आयुष्यभर शाळांचे गणवेश शिवले. कापसाची धूळ म्हणा, तंबाखू म्हणा, छाती पार निकामी झाली होती. घरी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेवरचं मशीन होतं, ते चोवीस तास चालायचं. वीज गेली तर म्हणून शेजारी एक सिलिंडर. तो भरलेला असला तर जेमतेम दोन तास पुरायचा.

आदल्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला होता. वीज जाते, आठ-दहा मिनिटांनी आपली आपण येते. मोबाइलवर तर पैसे शिल्लक दाखवतंय. मी फोन रीडिंगताईकडे दिला.

"काकू, मशीनबरोबर आणखी काय चालू होतं?"

"पाणी तापवायचं ठेवलं होतं गं."

"मग तेच. तुमचा मंजूर भार कमी आहे. त्याच्यावर गेलात की मीटर तोडतो, थोड्या वेळानं परत जोडून बघतो. एका वेळी एकच काहीतरी लावा."

तक्रारीपुढे मी 'जादा भार' असं लिहिलं आणि ती बंद केली. दोघांनाही वाटलं, चला, एक निपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊण वाजता काकूंचा पुन्हा फोन. आवाज ओळखू येईना.

"वीज गेली, अर्धा तास झाला, येतच नाहीये. सिलिंडर लावलाय. मी काही तापवायला ठेवलं नव्हतं हो, देवाशप्पथ!"

मी ग्राहक क्रमांक टाकला. शिल्लक भरपूर. मीटरपुढे हिरवा ठिपका, 'चालू'.

"काकू, आमच्याकडून वीज चालू आहे. तुमच्या घरातलं फिटिंग बघून घ्या."

हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणतो. ताई शेजारच्या टेबलावर डबा उघडत होती. तिनं झाकण तसंच परत लावलं.

"मीटर शेवटचा कधी बोललाय ते बघ."

मी बघितलं. शेवटचा निरोप काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे माझा हिरवा ठिपका कालचा होता, शिळा.

"मी निघते," ती म्हणाली. "तू अँब्युलन्सला फोन कर. आणि लाइनमनला त्या गल्लीच्या खांबापाशी उभा कर."

पुढचं बरंचसं तिनंच मला नंतर सांगितलं. काही फोनवर ऐकलं.

शिंपीकाकांचं घर तळमजल्यावर. जिन्याखाली लोखंडी पेटी, तिच्यात मीटर. घरात पलंगावर काका टेकून बसलेले, नाकाला नळी, बोटं चादरीची कड चाचपत होती, जणू शिवण तपासतायत. काकू सिलिंडरच्या काट्यापुढे स्टूल टाकून बसलेल्या. काटा निम्म्याच्या खाली आलेला.

वरच्या मजल्यावरचा फ्रिजदुरुस्तीवाला हातात वायरचं भेंडोळं घेऊन तयारच होता. त्याच्याकडे अजून जुना, स्वतःहून वीज न तोडणारा मीटर होता, आणि वीज चालू.

"ताई, माझ्याकडून वायर टाकतो खाली. नाहीतर तुमचा हा मीटर बाजूला ठेवून दोन टोकं थेट जोडतो. पाच मिनिटांचं काम!"

काकूंनी हात जोडले. "जोडू दे गं त्याला."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. आणि ती जिन्याखालच्या पेटीकडे वळली.

मीटरचा पडदा जिवंत होता. आतला तोडणारा खटका घराकडच्या बाजूला असतो, त्यामुळे घर अंधारात असलं तरी मीटरला वीज मिळत असते. तिनं बटण दाबत एकेक आकडा पाहिला. महिन्यातला सर्वांत जास्त भार मंजूर भाराच्या आतच होता. म्हणजे पाणी तापवण्याचा काही संबंध नव्हता. काल आपण साफ चुकलो, हे तिला तिथंच कळलं. वीज जाऊन आपोआप परत येते, एवढ्यावरून तिनं जादा भार ठरवला होता. पण व्होल्टेज बिघडलं तरी मीटर असाच तोडतो आणि ते सुधारलं की जोडतो.

तिनं मला फोन केला. "वीज तोडण्याचा हुकूम इकडून गेला होता का?"

"नाही. पैसे आहेत, तर कशाला जाईल?"

"म्हणजे मीटरनं स्वतःच तोडलंय. थांब, फोन ठेवू नकोस."

व्होल्टेज दोनशे तीसच्या आसपास हवं, पण आकडा स्थिर नव्हता. दोनशे एकतीस, दोनशे चव्वेचाळीस, आणि कुठेतरी कुणाचा पंप बंद झाला असावा, एकदम दोनशे एकोणऐंशी. तिनं वर पाहिलं.

"भाऊ, तुमच्याकडे इतक्यात बल्ब जातात का?"

"या आठवड्यात तीन गेले. टीव्हीपण उडालाय. का?"

"आणि समोरच्यांकडे?"

काकूंनीच उत्तर दिलं. "समोरची म्हणत होती, पंखा रडत रडत फिरतो म्हणून."

एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. तिला पटलं, गल्लीच्या लाइनवरची न्यूट्रल वायर कुठेतरी ढिली झाली आहे. ती नीट असली की सगळ्या घरांना सारखं व्होल्टेज मिळतं. ती सुटायला लागली की वाटणी बिनसते आणि ज्याच्या बाजूला कमी वापर, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतं.

ती जिना चढून फ्रिजवाल्याच्या खोलीत गेली, प्लगमध्ये आपल्या मल्टिमीटरची टोकं घातली आणि त्याला आकडा दाखवला. दोनशे ब्याऐंशी.

"ही वायर खाली टाकली असतीत तर मशीनचा धूर झाला असता. आधी तुमचा मेन स्विच पाडा."

त्यानं वायर गुंडाळून ठेवली. खाली मात्र काकूंना ते पटेना. "त्याच्याकडे वीज आहे आणि तू नको म्हणतेस? माणूस जाईल माझा!"

"काकू, त्याच्याकडे वीज आहे, पण ती विषारी आहे आत्ता. मशीन जळलं तर वीज आल्यावरही उपयोग नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

काल जिनं चुकीचं सांगितलं तीच आज विश्वास ठेवा म्हणत होती. काकूंना ते आठवलं असणारच. त्या फक्त काट्याकडे वळल्या. काका नळीतून तुटक तुटक बोलले, "तिला... करू दे... तिचं काम."

लाइनमन खांबावर चढण्याआधी गल्लीची लाइन बंद करावी लागली. दीड वाजला. तिकडे अँब्युलन्सवाले मला सांगत होते, एकुलती एक गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, तासभर लागेल. मी ते ताईला सांगितलं. मागे काकूंचा आवाज येत होता. त्या काट्याचे आकडे मोठ्यानं म्हणत होत्या.

खांबावरचा न्यूट्रलचा जोड जळून काळा ठिक्कर पडला होता. हात लावला तर पापुद्रे सुटले, असं लाइनमन सांगतो. जुनं कापून, नवा जोड आवळून तो खाली उतरला तेव्हा दोन वाजून गेले होते. लाइन सुरू झाली. समोरच्या घरांतून "आली, आली!" ऐकू आलं. शिंपीकाकांकडे काहीच नाही.

एकामागून एक पाच वेळा तुटल्यावर हा मीटर स्वतःहून जोडायचं सोडून देतो आणि ऑफिसच्या हुकुमाची वाट बघतो. ताई ओरडली, "हुकूम सोड!"

मी बघितलं. 'जोडा' हे बटण करडं, दाबताच येईना.

"ताई, सिस्टिम म्हणते तो जोडलेलाच आहे. जोडलेल्याला परत जोडता येत नाही."

"अरे, माणूस मरायला टेकलाय आणि तुझी सिस्टिम वाद घालतेय?"

साहेबांना फोन केला, तर ते मीटिंगमध्ये. तिकडे ताईनं मीटरचं सील तोडून संपर्काचा भाग उघडला. त्याचा दिवा लालच होता. लोखंडी पेटीत सिग्नल पोचावा म्हणून अँटेनाची बारीक वायर बाहेर काढलेली असते. ती स्क्रूतून निसटून पेटीच्या दारात चेपली होती. म्हणून कालपासून मीटर मुका झाला होता. तिनं वायर सोडवून परत घट्ट बसवली, तो भाग काढून पुन्हा लावला आणि दिव्याकडे बघत उभी राहिली. काका आता बोलत नव्हते. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता.

चार मिनिटं गेली. मग माझ्या पडद्यावर एकदम ओळी कोसळायला लागल्या. उच्च व्होल्टेज, तोडले. उच्च व्होल्टेज, तोडले. कालपासून साठलेलं सगळं मीटरनं एका दमात सांगून टाकलं. हिरवा ठिपका लाल झाला आणि बटण उजळलं. मी दाबलं. फोनमधून खटक्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

काकूंनी मशीनच्या बटणाकडे धाव घेतली. ताईनं त्यांचा हात धरला. "नाही. आधी मला बघू दे."

तिनं प्लगमध्ये मल्टिमीटर धरला. वर फ्रिजवाल्याला इस्त्री लाव म्हणाली, मग बंद कर म्हणाली. भार बदलला तरी आकडा दोनशे तीसच्या आसपास राहिला. दोन मिनिटं ती तशीच ओणवी होती. काकू तिच्या पाठीवर मुठी मारत होत्या, हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. मग ती म्हणाली, "लावा."

मशीन घुरघुरलं. काकांच्या ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला. पाऊण तासानं अँब्युलन्स आली. त्यांनी तपासलं, भरलेला सिलिंडर ठेवला आणि एक रात्र दवाखान्यात काढायला लावली. काका दुसऱ्या दिवशी घरी आले.

ऑफिसात परतल्यावर ताईनं आदल्या दिवशीची बंद तक्रार माझ्याकडून पुन्हा उघडून घेतली. 'जादा भार' खोडलं आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष न तपासता निदान केले, चूक माझी.' मी म्हटलं, "ताई, कुणी विचारलंय का?" तिनं सही केली. तिला मेमो मिळाला. मला काही मिळालं नाही, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता फोन आला की मी आधी मीटर शेवटचा कधी बोलला ते बघतो, मग तोंड उघडतो. ताईनं त्या आठवड्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या अकराही घरांचं व्होल्टेज मोजलं. शेवटच्या घरात कुणीतरी तिला विचारलं, बाई, तुम्ही परत रीडिंग घ्यायला लागलात का? ती म्हणाली, "हो, घेतेच आहे," आणि आकडा वहीत लिहिला.