जिरेनियमचा थेंब

मी स्वभावानं संशयी आहे. माझी बायको म्हणते, मी देवाच्या तीर्थाचाही पीएच काढेन. कॉलेजात इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलं त्याचा हा दोष म्हणा, नाहीतर आमच्या घराण्याचा म्हणा. येडशीच्या अलीकडं आमची शेती आहे. ती माझा चुलतभाऊ बघतो. तो माझ्याहून वडील, म्हणून त्याला मी दादा म्हणतो. शनिवारी दुपारी धाराशिवहून मी एसटीनं जायचो आणि रविवारी परत यायचो.

दादानं आणि गावातल्या आणखी काही जणांनी मिळून जिरेनियम लावलं. दिसायला साधं झुडूप, पण पान चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो आणि त्यामागून पुदिन्यासारखी एक थंड झाक येते. कापलेला पाला मोठ्या टाकीत कोंबायचा, खालून वाफ सोडायची. ती वाफ पानांतलं तेल घेऊन वर येते, नळीत थंड होते आणि पाण्यावर तेल तरंगतं. हे सगळं भट्टीवर चालायचं आणि भट्टी दादाच्या ताब्यात होती. तिथला एक रिवाज मला फार आवडायचा. प्रत्येक हंगामात जे पहिलं तेल उतरेल त्यातला एक थेंब दादा बोटावर घ्यायचा आणि तिथं जो कुणी उभा असेल त्याच्या मनगटावर चोळायचा. मग तो हमाल असो की मी.

पुण्याच्या एक बाई साबण करायच्या. त्यांनी आमचं तेल वापरून बघितलं आणि फोनवर स्पष्ट सांगितलं की ही खेप चोख निघाली तर पुढं गावाचं सगळं तेल मीच घेईन, आणि एकदा जरी भेसळ सापडली तर पुन्हा फोन करू नका. गावातल्या लोकांनी सोयाबीन मोडून हे पीक घेतलं होतं. त्यामुळं त्या एका खेपेवर सगळ्यांचं लक्ष होतं.

नेमका त्या वेळी पाऊस उघडेना, पाला पाणचट झाला आणि तेल कमी उतरलं. बाईंनी मागितलं होतं तेवढं भरेना. तेव्हा दादा कुणा ओळखीच्या व्यापाऱ्याला घेऊन आला. तो माणूस बोलायला गोड होता. एक डबा आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आला होता.

"रिपोर्ट हाय नव्हं सोबत? मग कशाला उगं परत तपासणी?" दादा म्हणाला.

मी अहवाल हातात घेतला. विद्यार्थ्यांच्या जर्नलमधली खोटी रीडिंगं ओळखण्यात माझी हयात गेली आहे. खऱ्या मोजमापात आकडे वेडेवाकडे असतात. इथं सगळे कसे गुळगुळीत होते. घटकांचा तक्ता होता, पण ज्या आलेखावरून तक्ता काढतात तो आलेखच जोडला नव्हता. अहवालातला बॅच नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळत नव्हता. आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा निष्कर्ष फक्त आमच्याकडे आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. म्हणजे नमुना एका बाटलीतला आणि माल दुसऱ्या डब्यातला असला तरी प्रयोगशाळा खोटी ठरत नाही.

"दादा, हे तेल तपासल्याशिवाय आपल्या तेलात एक थेंबही जायचा नाही," मी म्हणालो. दादाचं तोंड जरा उतरलं. मी ते बघितलं आणि मनात ठेवलं.

पहिली परीक्षा घरगुती असते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाकायचा आणि वाळू द्यायचा. सुगंधी तेल हळूहळू उडून जातं. त्यात खाण्याचं स्वस्त तेल मिसळलेलं असेल तर ते उडत नाही आणि भजी ठेवलेल्या कागदासारखा पारदर्शक डाग मागं राहतो. मी व्यापाऱ्याच्या तेलाचा थेंब टाकला आणि शेजारी, तुलनेसाठी, आमच्या डब्यातला. आमचं तेल म्हणजे कसोटीचं सोनंच, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी कागद उजेडाकडं धरला. व्यापाऱ्याचा थेंब साफ उडाला होता. आमच्या थेंबाच्या जागी तेलकट गोल डाग होता.

कागद उलटापालटा करून बघितला. मग दोन्ही थेंब नवीन कागदावर पुन्हा टाकले आणि त्या रविवारी मुद्दाम मुक्काम वाढवला. पुन्हा तेच. हे तर भलतंच होतं. कारण खाण्याचं तेल वाफेबरोबर वर चढत नाही. भट्टीतून ते येणं शक्यच नव्हतं. म्हणजे तेल उतरल्यानंतर, डब्यात, कुणीतरी हातानं ओतलं होतं. डबा दादाच्या घरी कुलपात असायचा. किल्ली दादाच्या कमरेच्या करगोट्याला.

मग मला सगळंच आठवायला लागलं. बाईंसाठी नमुना काढला तेव्हा डब्यातलं तेल गळ्याच्या बरंच खाली गेलं होतं, आता डबा काठोकाठ दिसत होता. तेल कमी पडत होतं, ही दादाचीच चिंता. व्यापारी दादानंच आणलेला. तपासणी नको, हेही दादाच म्हणालेला. ज्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी रामलिंगाच्या जत्रेला गेलो त्या माणसाविषयी मी असा विचार करत होतो आणि मला त्याचा रागही येत होता. कुंपणानंच शेत खाल्लं, असं मी बायकोला फोनवर म्हणालो.

दादाला मी काही बोललो नाही. दोन्ही डब्यांचे नमुने स्वतः काढले, बाटल्या स्वतः बंद केल्या आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिले. माझ्या वागण्यात मात्र फरक पडला असणार. मी डब्याजवळ गेलो की दादा बाहेर जाऊन उभा राहायचा. एकदा त्यानं किल्ली करगोट्यातून सोडवून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे." मी ती उचलली.

अहवाल आले. व्यापाऱ्याचं तेल कृत्रिम निघालं. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल, हे दोन मुख्य घटक भरपूर होते, पण पुदिन्याची झाक देणारं आयसोमेंथोन जवळजवळ नव्हतंच आणि आलेखात शेवटी येणारी बारीकसारीक शिखरंही गायब होती. झाडात शेकडो गोष्टी असतात, कारखाना त्यातल्या दोनचारच घालतो. खरं जिरेनियम तेल प्रकाशाला डावीकडं वळवतं, यानं जवळपास वळवलाच नव्हता. ते सगळं उडून जाणारं होतं, म्हणून कागदावर साफ सुटलं.

आणि आमच्या तेलाचा अहवाल? तो उत्तम होता. प्रत्येक घटक आपापल्या जागी आणि बेरीज शंभर.

क्षणभर मला हायसं वाटलं. पण कागदावरचा डाग खोटा नव्हता. मग डोक्यात प्रकाश पडला. प्रयोगशाळेतल्या यंत्रात नमुना तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ एका लांब बारीक नळीतून नेतात. जे उडतं तेच पुढं जातं आणि जे पुढं जातं त्याचीच टक्केवारी काढतात. खाण्याचं तेल उडतच नाही, ते दारातच बसून राहतं. शंभर टक्के म्हणजे आत आलेल्यांचे शंभर टक्के. अहवालाच्या भरवशावर आम्ही ते तेल पुण्याला पाठवलं असतं आणि बाईंच्या साबणात ते उघडं पडलं असतं.

मी काचेच्या बशीत थोडं आमचं तेल घेतलं आणि दादाच्याच परसात गरम पाण्यावर ठेवून उडू दिलं. बऱ्याच वेळानं गुलाबाचा वास विरला. तळाशी चिकट थर उरला. तो बोटांवर चोळून नाकाशी नेला आणि मी सरळ स्वयंपाकघराकडं बघितलं. घाण्यावरच्या करडीच्या तेलाचा वास होता. आमच्या घरी भाकरीबरोबर चटणीवर घालतात ते.

वहिनी चुलीपाशी होत्या. मी बशी पुढं केली. "वहिनी, डब्यात करडीचं तेल कुणी घातलं?"

"म्या घातलं की," त्या सहज म्हणाल्या. "तुमीच न्हवता का सांगत ह्यास्नी, डबा गळ्यापातूर भरल्याला पायजे, मोकळी जागा ऱ्हायली की हवा तेल खाती म्हणून? तुमी नमुना काढून न्हेला तवा डबा खाली झाला. ह्यांच्याकडनं किल्ली मागून म्या घाण्याचं चोख तेल वतलं. लोणच्यावर घालतोच की आपण. बिघडू ने म्हणून."

लोणच्याच्या बरणीत हवा जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर देतात, आणि वहिनींचं लोणचं कधी नासलेलं मला आठवत नाही. फक्त इथं तेल वर राहिलं नाही, आत विरघळलं. तेल कमी झालं तर लहान बाटलीत काढा, हे मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते कुणालाही कळेल.

"मग इचारायचं न्हाय व्हय?" वहिनी म्हणाल्या. "महिना झाला, तुमी कागदाला इचारताय, बाटलीला इचारताय. हितं आमी दोन माणसं बसलाव."

दादा दारात उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. मला त्याच्याकडं बघवेना.

दोन्ही डबे बाजूला ठेवले. व्यापाऱ्याचा परत गेला. बाईंना मी फोनवर लोणच्यासकट सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की पुढच्या कापणीपर्यंत थांबते, पण नमुना आधी पाठवा. सौदा वाचला म्हणायचा. किल्ली मी वहिनींच्या हातात दिली.

पुढची कापणी हिवाळ्यात झाली. मी शनिवारी पोचलो तेव्हा भट्टी चालू होती आणि पहिलं तेल उतरत होतं. दादानं एका हमालाचा हात ओढून त्याच्या मनगटावर थेंब चोळला. दुसऱ्याच्याही चोळला. मी स्वेटरची बाही वर केली आणि पुढं झालो.

दादानं खिशातून कोरा कागद काढला. त्यावर एक थेंब टाकला, कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून वर खडा ठेवला आणि माझ्यासाठी खुर्ची पुढं केली.

"बस," तो म्हणाला. "वाळू दे. मग बघ."