पुण्यातले माजी विद्यार्थी आणि माझं आशीर्वादपत्र

वर्ध्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मी पुण्याला गेले ती सहा महिन्यांच्या कंत्राटावर. तेवढ्यात पक्की नोकरी मिळाली नाही, तर सामान बांधून गावी, आंजीला परत. पुण्यात ओळखीचं माणूस म्हणजे खोलीची मालकीण, आणि तिचं माझ्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं.

पण आमच्या कॉलेजचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप होता ना! चारशे माणसं, आणि प्रत्येकाचा वाढदिवस थाटात. सकाळी फुलं, दुपारी देशभक्ती. मी तिथे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पत्र टाकलं. आधी गाव, मग वडील काय करतात, मग सर्व वरिष्ठांना आदरपूर्वक प्रणाम आणि शेवटी, आपला आशीर्वाद असू द्यावा. मोठ्यांकडे थेट काम सांगणं म्हणजे आगाऊपणा, असंच घरी शिकवलेलं. वरिष्ठांनी सढळ हाताने आशीर्वाद दिले. ग्रुपच्या अध्यक्षांनी तर दोनदा दिले.

पाच महिने असेच पुण्य साठवण्यात गेले. मग घाबरून मी नोकरीच्या साइटवर कॉलेजचं पान उघडलं. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत शहर पुणे निवडलं, विभाग माझ्या कामाचा, म्हणजे क्वालिटी, निवडला. अकरा जण निघाले. अकराही जणांना तेच पत्र पाठवलं, कारण शहाणपण एका दिवसात येत नाही.

त्यातल्या एका ताईंनी नंबर मागवून फोन केला. त्या मूळच्या आमच्या वर्ध्याजवळच्या सेलूच्या, माझ्या दहा वर्षं आधीच्या. माझं गाव कळल्यावर त्यांनी पुणेरी मराठी बाजूला ठेवली.

"आशीर्वाद मागशीन तं आशीर्वादच भेटन. तुले पाह्यजे काय, ते लिहून पाठवजो."

मला इतकी लाज वाटली की फोन ठेवून मी थोडी रडलेही. मग चार ओळी लिहिल्या. कोणतं काम येतं, कंत्राट कधी संपतं, आणि त्यांच्या क्षेत्राबद्दल पंधरा मिनिटं बोलाल का. त्या चाळीस मिनिटं बोलल्या. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण मैत्रिणीच्या कंपनीत निघणार होती. तिथे त्यांनी माझं नाव सुचवलं. पुढे अर्ज, परीक्षा, दोन मुलाखती, सगळं रीतसर झालं. कंत्राट संपायला चार दिवस असताना नेमणुकीचं पत्र आलं.

बातमी ग्रुपवर पोचली. 'हेच आपल्या नेटवर्कचं बळ,' असं अध्यक्षांनी जाहीर केलं. मी खाली लिहिलं की मदत करणाऱ्या ताई या ग्रुपमध्ये नाहीत. चारशे माणसं एकदम कामात बुडाली.

संध्याकाळी अध्यक्षांचा खाजगी फोन आला. आवाज अगदी मऊ. त्यांचा मुलगा पुण्याला निघाला होता, आणि त्यांना ताईंचा नंबर हवा होता.


मी म्हणाले, ताईंना विचारल्याशिवाय नंबर देता येणार नाही. मुलाला कॉलेजच्या पानावरून स्वतः लिहू द्या, फक्त वडील काय करतात ते त्यात नको.