कापलेले प्रश्न

चंद्रपूरला आमचा स्टुडिओ हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. आम्ही दोघं भागीदार; कॅमेरा तो चालवायचा आणि एडिटिंग मी करायची. लग्न, साखरपुडा, बारसं, एखाद्या शाळेचं गॅदरिंग. तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला भाऊ म्हणायची. वयाने तो माझ्यापेक्षा थोडा मोठा होता, पण या गोष्टीचा हिशोब आम्ही कधी केला नाही.

तो गडचिरोलीकडचा. त्याचं गाव जंगलात होतं, घरची भाषा गोंडी. बायको सावलीची, धानाच्या पट्ट्यातली. तिला गोंडी येत नसे, त्यामुळे त्यांच्या घरात मराठीच चालायची. गावी त्याची आई एकटी राहायची. लग्नाच्या तिथी नसल्या की तो कॅमेरा घेऊन तिच्याकडे जायचा. ती मोहफुलं वेचताना, चूल सारवताना, गाणी म्हणताना त्याने कितीतरी शूट करून ठेवलं होतं. त्याची एक फिल्म करायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कोणासाठी, ते त्यालाही सांगता यायचं नाही.

आई वारली, आणि त्या पावसाळ्यात तो हार्ड डिस्क घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

"ताई, आता बसू या."

रफ कट म्हणजे पहिली ओबडधोबड जुळणी. ती करताना वेग लागतो. एकेका जागी अडून बसलं की पूर्ण फिल्म कधी दिसतच नाही. माझी सवय अशी, की माउस बाजूला सारायचा. उजव्या हाताची बोटं J, K आणि L वर. L ने चित्र पुढे पळतं, पुन्हा दाबलं की आणखी जोरात पळतं, J ने मागे येतं, K ने थांबतं. डावा हात Q आणि W वर. चित्र पाहता पाहता नको असलेला भाग संपला की Q दाबायचा. मागच्या कटपासून इथपर्यंतचं सगळं निघून जातं आणि पुढची सगळी रांग सरकून येते, मधे भोक राहत नाही. कामाचं बोलणं संपलं की W दाबायचा, मग इथून पुढच्या कटपर्यंतचं जातं. याला रिपल म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं मी नुसती टाइप करून राहिले आहे.

त्याने पहिल्याच दिवशी एक नियम घातला.

"माहे प्रश्न काढून टाका. माहा आवाज नाई पाहिजे. फक्त आई दिसली पाहिजे."

"एखादा राहू द्यायचा?"

"नाई ताई. मले माहा आवाज ऐकवत नाई. बेडकासारखा येते."

आई बोलायची त्याच्या आधी त्याचा प्रश्न असायचाच, कॅमेऱ्यामागून, गोंडीत. मला गोंडी कळत नाही. कुठे त्याचं बोलणं संपतं आणि कुठे आईचं सुरू होतं, एवढं आवाजावरून कळायचं. तिथे Q. पुन्हा प्रश्न आला, पुन्हा Q. तो शेजारी बसून आईचं बोलणं मराठीत सांगायचा आणि मी चित्राखाली त्याची पाटी, म्हणजे सबटायटल, टाकायची. त्या पावसाळ्यात माझ्या डाव्या हाताच्या करंगळीने त्याचे सगळे प्रश्न एकेक करून काढले.

रफ कट झाला. त्याने तो शेवटपर्यंत पाहिला. खाली जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घेऊन आला आणि म्हणाला, "जमली."

मग दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं आणि आमचा सीझन उघडला. डिस्का भरलेल्या होत्या. नव्या लग्नांना जागा नव्हती. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते: फिल्ममध्ये वापरलेले तुकडे तेवढे वेगळे करून ठेवायचे आणि मूळ शूटिंग पुसून टाकायचं. मी त्याला म्हटलं, की प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडं जास्तीचं ठेवावं लागतं, नाहीतर पुढे कट हलवता येत नाही.

"किती?"

"तू सांग."

"एक सेकंद ठेवा. आणखी काय करायचं हाये त्याचं?"

त्याने स्वतःच्या हाताने डिस्क फॉरमॅट केली. दुसऱ्या दिवशी बल्लारपूरला लग्न होतं.

त्या सीझनमध्ये त्याच्या जिभेला एक जखम झाली. खर्ऱ्याने तोंड सोलतेच, म्हणाला. मग तिखट खाणं सुटलं, मग पोळी वरणात भिजवून खाऊ लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. नागपूरला अर्ध्याहून जास्त जीभ काढली.

तो परत आला तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि चेहरा एका बाजूने ओढल्यासारखा झाला होता. बोलला तर तोंडातून हवा आणि लाळ येई. शब्द ओळखू येत नसत. लग्नाच्या मांडवात फोटोग्राफरला ओरडावं लागतं, "मामा, बाजूले व्हा," "नवरीबाई, इकडं पाहा." ते त्याला आता जमणार नव्हतं. मग तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून एडिटिंग करू लागला. इतकी वर्षं माझे हात पाहिलेले, त्यामुळे शिकवायला फार काही उरलं नव्हतं. काही सांगायचं असलं की मोबाइलवर लिहून माझ्यापुढे धरायचा. दोन कीबोर्डांचा आवाज तेवढा खोलीत असायचा.

एका रविवारी त्याची बायको मुलीला घेऊन आली. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिला आजी दाखवायची म्हणून त्याने रफ कट लावला. ती टेबलाला हनुवटी टेकून पाहत बसली. आजी मोहाच्या झाडाखाली बसून काहीतरी सांगते, हसते, मान हलवते.

"आजी कोणासंग बोलून राह्यली?"

"तुह्या बाबासंग," बायको म्हणाली.

"मंग बाबा काऊन बोलत नाई?"

फिल्म चालू राहिली. बायकोने मुलीला जवळ ओढलं आणि विचारलं, घरी जायचं का.

दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइल पुढे केला. लिहिलं होतं, "माहे प्रश्न परत टाकता येतील का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. उत्तर त्यालाही माहीत होतं. तरी विचारत होता.

"एक सेकंद आहे," मी म्हटलं. "प्रत्येक शॉटच्या आधी."

त्याने मान हलवली आणि खुर्ची जवळ ओढली.

आम्ही सुरुवातीपासून निघालो. चित्राखाली आईचं एक गाणं सलग टाकलं होतं, ते मी जागेवर लॉक करून ठेवलं होतं. शॉट रिपलने लांब केले असते तर वरची सगळी रांग पुढे ढकलली गेली असती आणि गाणं जागच्या जागी राहून चित्राशी त्याचा मेळ तुटला असता. म्हणून रोल. रोलमध्ये दोन शॉटांमधला कट तेवढा सरकतो. मागचा शॉट जितका लवकर संपतो तितका पुढचा लवकर सुरू होतो, आणि एकूण लांबी तीच राहते. मोहफुलांची टोपली आणि आईचा चेहरा यांच्यामधला कट मी एकेक फ्रेम मागे नेऊ लागले. आईचं तोंड मिटलेलं, ती ऐकते आहे. मग कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज, एका शब्दाचं शेपूट. त्याच्या मागे अजून ओढायला गेले तर स्क्रीनवर आलं, याच्या मागे मीडिया नाही, म्हणजे ठेवलेलं शूटिंग संपलं.

पुढचा कट. तिथे नुसती शांतता. प्रश्न विचारून तो थांबला असेल आणि आईने विचार करायला वेळ घेतला असेल. सेकंद त्यातच गेला.

त्याच्या पुढे अर्धा खोकला. त्याच्या पुढे एक अक्षर, चढत्या आवाजात.

मग त्याला हातांचे शॉट आठवले. आई वेचते आहे आणि तो काहीतरी बोलतो आहे, असे बरेच होते. त्यातलं बोलणंही आम्ही टाळलं होतं. तिथे स्लिप करून पाहिलं. स्लिपमध्ये शॉट आपल्या जागेवर, तेवढ्याच लांबीचा राहतो, आजूबाजूच्या कशालाही धक्का लागत नाही, फक्त त्याच्या आतलं चित्र आणि आवाज मागे-पुढे सरकतो. हात फूल उचलायच्या ऐवजी फुलाकडे जायला लागले. मागे कुठेतरी तो हसला. एक सेकंदाचं हसू. दुसऱ्या बाजूला सरकवलं तर पाखराचा आवाज.

त्याने ते हसू पुन्हा पुन्हा लावलं. J, L, J, L. मग माझ्याकडे न पाहता लिहिलं, "हा मीच हाय का?"

"तूच आहेस, भाऊ."

काय विचारलं होतं ते आठवतं का, असं मी त्याला विचारलं. उत्तरं होती, त्यावरून प्रश्न काढता आले असते. तो वही घेऊन बसला. आईचं एक उत्तर होतं, "नाही, तेव्हा तू झाला नव्हतास." त्याच्यापुढे त्याने तीन वेगवेगळे प्रश्न लिहिले आणि तिन्ही खोडले. कोणता खरा, ते सांगायला आता कोणी नव्हतं. मग एकदा त्याने माझा माइक समोर ओढला. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले. आतून येणारा आवाज काचेतूनही ऐकू येत होता, आणि तो बोलणं नव्हतं. मी परत आले तेव्हा माइक बाजूला ठेवलेला होता. रेकॉर्ड केलेली फाइल त्याने पुसली होती.

सापडलेले तुकडे आम्ही फिल्ममध्ये राहू दिले. पाहणाऱ्याला ती एडिटिंगची चूक वाटेल, अशा जागा झाल्या आहेत. आई बोलायच्या आधी एक अर्धा शब्द येतो, किंवा ती नुसती बघत असते. मी एरवी असं एकही ठिकाण सोडलं नसतं.

होळीनंतर त्याच्या मानेत गाठ आली. नागपूरला पुन्हा गेला. यावेळी डॉक्टरांनी कापायचं नाव काढलं नाही. त्याला गावी जायचं होतं, पण बायकोला मुलीची शाळा आणि दवाखाना दोन्ही जवळ हवं होतं, आणि चंद्रपुरात तिला एकटीला सगळं झेपणार नव्हतं, म्हणून ते सावलीला तिच्या माहेरी गेले. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी त्याला मोबाइल धरवत नव्हता. मी बसले होते, त्याची बोटं चादरीवर हलत होती. ती कशाने हलत होती ते मला ठाऊक नाही, आणि मी त्याला काही अर्थ लावणार नाही.

तो गेल्यावर मी फिल्म पेन ड्राइव्हमध्ये टाकून त्याच्या बायकोला दिली. तिने ती हातात घेतली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

"पाहाल ना?" मी विचारलं.

"पाहीन कधी. आता नाई," ती म्हणाली. "पोरीले तर त्यातलं काई समजत नाई. मलेई नाई समजत. पाट्या वाचा लागते."

मुलगी अंगणात खेळत होती. मी निघाले तेव्हा तिने हात हलवला. बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी लागलेली होती, आणि संध्याकाळी स्टुडिओत एका साखरपुड्याचा रफ कट द्यायचा होता.