कारण आपल्याला ठाऊक असेलच

गोदामप्रमुखांना आम्ही सगळे काका म्हणायचो. मोठा संशयी माणूस. कोणी चहा पुढे केला, की "काय काम काढलंस?" बायकोने आवडीची भाजी केली, तरी आज हिला माहेरी जायचं असणार, असा त्यांचा हिशेब. माझा त्यांच्यावर राग होता, अजूनही थोडा आहे.

ऑफिसची पत्रं मी लिहिते. काकांच्या हाताखालची लेबलं लावणारी मुलगी हल्ली चारलाच निघते, असं साहेबांच्या कानावर गेलं. तिची आई इस्पितळात होती आणि भेटायची वेळ संध्याकाळचीच. साहेब म्हणाले, "परिपत्रक काढा." मी म्हटलं, "एकीसाठी सगळ्यांना कशाला? काकांना मेमो देते."

परिपत्रक कोणाच्या तोंडाकडे बघून लिहिता येत नाही, त्यात नियमच सांगावा लागतो. एकाच माणसाला लिहिताना मात्र विचारता येतं. मी लिहिलं, 'आपल्या विभागातील एक सहकारी काही दिवस लवकर निघत आहेत. कारण आपल्याला ठाऊक असेलच. त्यांच्या वेळेची काही सोय करता येईल का, ते कृपया कळवावे.' नाव मुद्दाम टाकलं नाही, उगाच तिच्या फायलीला लागलं असतं.

पण आमच्याकडे मेमो म्हटला की तो ठपकाच समजतात. काका कागद घेऊन तडक माझ्या टेबलाशी आले.

"हा सहकारी म्हणजे मीच ना?"

"नाही हो काका. तुमच्याच माणसांपैकी आहे, तुम्हाला माहीत असेल."

"आणि हे 'कृपया' कधीपासून? गोड बोलून माझ्याकडून लिहून घ्यायचं, मग मलाच लटकवायचं. जे आहे ते सगळ्यांना सांगा."

ते साहेबांकडे गेले, तिथेही आवाज चढवला. साहेब वैतागले आणि मला परिपत्रक काढावं लागलं. 'काही कर्मचारी वेळेपूर्वी निघून जात असल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे असे आढळल्यास कारवाई करण्यात येईल. सर्वांनी नोंद घ्यावी.'

दुपारपर्यंत हिशेबवाले जावकवाल्यांकडे आणि जावकवाले हिशेबवाल्यांकडे तिरके बघू लागले. नेहमी साडेपाचनंतर निघणाराही दारातून जाताना घड्याळ दाखवू लागला. मुलीने सूचनाफलकासमोर उभं राहून ते वाचलं आणि कामाला लागली. त्या दिवशी ती इस्पितळात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने काकांपुढे राजीनामा ठेवला. मी सहीसाठी तिथेच उभी होते. तिने आईचं सांगितलं.

काका म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला खरं वाटलं असतं का, काका?"

काकांनी राजीनामा घडी करून खणात टाकला. तिला म्हणाले, "आज चारला जा. बाकीचं मी बघतो."

संध्याकाळी माझा मेमो उत्तरासह परत आला. सोय करावी, जबाबदारी माझी, असं काकांनी लिहिलं होतं. माझ्या मधल्या वाक्याखाली रेघ मारून, शेजारी त्यांच्या अक्षरात होतं, 'ठाऊक नव्हते. मला कोणी काही सांगत नाही.'