आमच्या झाडाचं संत्रं

पांढुर्ण्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझं डिझाइनचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर. अलीकडे मी एआयला शब्दांत सांगून चित्रं काढून घेते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला चांगलाच माज चढला होता. ते संत्रं त्याच माजात झालं.

फोनवरचा गिऱ्हाईक फार गोड बोलायचा. संत्र्याचे रोजचे भाव सांगणारं अ‍ॅप काढतोय म्हणाला, त्याला आयकॉन हवा होता. चकचकीत, उठावदार, बोट लावावंसं वाटेल असा. मी लिहिलं: एकच संत्रं, मधोमध, गोलसर थ्रीडी आकार, प्लास्टिकसारखी गुळगुळीत चमक, फिकट नारिंगीतून गडद नारिंगीत हळूच उतरणारा रंग, वरून मऊ उजेड, मागे साधा पांढरट रंग, अक्षरं नकोत. आला टोमॅटो. चमक वाढवली की सालीवरचे बारीक खड्डे गायब व्हायचे, खड्डे मागितले की चमक जायची. शेवटी लिहिलं, खड्डे मोजकेच, फक्त उजेड पडतो तिथे. मग फळ जमलं, पण ते परदेशी, घट्ट सालीचं. आमच्याकडे त्याला कोणी संत्रं म्हटलं नसतं.

बोरगावजवळ बाबांचा संत्र्याचा बगीचा आहे. तिथल्या एका फळाचा फोटो मी नमुना म्हणून जोडला आणि लिहिलं, देठाशी उचललेली मान, खांद्यावर हिरवट झाक, एकच वळलेलं पान, बाकी सगळं आधीसारखं. आता मात्र पडद्यावर आमचंच संत्रं बसलं होतं, नुकतं पुसून ठेवल्यासारखं.

"एकदम घरचं वाटतं," गिऱ्हाईक म्हणाला. "लोकांना असाच भरवसा वाटला पाहिजे."

मी त्याला पूर्ण चौकोनी चित्र पाठवलं होतं, कारण अ‍ॅप स्टोअरवर ते तसंच द्यायचं असतं, कोपरे पुढे आपोआप गोल होतात. तो म्हणाला, कोपरे तुम्हीच कापून द्या, स्टोअरवर टाकायचंच नाही, फाइल थेट लोकांच्या मोबाइलवर पाठवणार. अशा फाइलींतून फसवणूक होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काम सोडावं लागलं असतं, आणि ते चित्र मला सोडवत नव्हतं.

त्या रविवारी मी ते बाबांना दाखवलं. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, मोबाइलमधलं सगळं ते चित्रावरून ओळखतात. त्यांनी चष्मा वर केला.

"हे तं आपल्या धुऱ्यावरच्या झाडाचं हाय, बेटा."

बांधावरच्या त्याच झाडाच्या फळाचा फोटो मी जोडला होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा मोठं करून दाखवलं.

पुढच्याच महिन्यात एका दुपारी घरी गेले, तर बाबा ओसरीवर मोबाइल धरून बसले होते. पडद्यावर, पहिल्याच रांगेत, माझं संत्रं.

"हे कुठून आलं, बाबा?"

"कोनंतरी धाडलं. भाव पाहून राहिलो, पन काही दिसत नाही. फोनच तापून राहिला नुसता."

त्यांनी त्या अ‍ॅपला मेसेज, म्हणजे बँकेचे ओटीपीही, वाचायची परवानगी दिली होती. अनोळखी अ‍ॅपची सूचना आली तेव्हाही हो दाबलं होतं. मी काढायला गेले तर काढायचं बटण फिकट, दबेचना. आत कुठेतरी त्याने फोनचा ताबाही मागून घेतला होता. मी सिम काढलं, वायफाय बंद केलं. माझ्या मोबाइलवरून बँकेला फोन लावला आणि खातं थांबवायला सांगितलं. मला स्वतःची किळस येत होती.

"अनोळखी माणसाचं काऊन टाकलं तुम्ही?"

"अनोळखी कसं?" बाबा खरोखर गोंधळले होते. "तुयं व्हय ना ते. तू नाही का दाखोलं मले? म्हून तं मी गावच्या ग्रुपवर बी टाकलं. म्हटलं, माह्या पोरीनं बनोलं, बिनधास्त घ्या."

मी माझ्या फोनवर गावचा ग्रुप उघडला. सकाळपासून बाबांच्या निरोपाखाली अंगठे आणि जोडलेले हात साचले होते. लिहिलेलं कोणी वाचणार नाही म्हणून मी बोलून निरोप पाठवला, उघडू नका, टाकलं असेल तर फोन बंद करा. तो कोणी ऐकतं का पाहत होते, तेवढ्यात फाटक वाजलं.

शेजारच्या काकू होत्या. हसत हसत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"घेतलं व बाई तुयं. सुनेच्या फोनात बी टाकलं. लय गोड दिसते."